काचेच्या बरणीतली चेपणीची तोरं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात कोवळ्या कैरीला तोर म्हणतात. ही तोरं जाड्या मिठाच्या थरांत रचून, वर वजन ठेवून, दाबून मुरवली की ती चेपणीची तोरं. पावसाळ्यासाठी जे पुरुमेत भरून ठेवतात त्यातला हा एक मुख्य जिन्नस, आणि उकड्या तांदळाच्या पेजेबरोबर त्याची जागा दुसरं कुठलंच लोणचं घेत नाही. पूर्वी ती चिनी मातीच्या भरणीत घालत, त्यामुळे आत काय चाललंय हे झाकण उघडल्याशिवाय कळत नसे. काचेच्या बरणीत सगळं बाहेरून दिसतं, पण जे दिसतं त्याचा अर्थ लागत नाही म्हणून पुष्कळ जण घाबरून चांगली बरणी फेकतात, किंवा बिघडलेली तशीच ठेवतात. इथले बहुतेक प्रश्न त्याबद्दलचे आहेत.

तोरं कुठली आणि कधी घ्यावीत?

फेब्रुवारीअखेरपासून एप्रिलपर्यंत. रायवळ झाडाची आंबट तोरं घ्या. मानकुरादची तोरं या कामी लावण्यात अर्थ नाही, ती झाडावर पिकू द्यावीत. एक तोर साधारण ३० ते ५० ग्रॅमचं असावं आणि सुरी मधोमध चालवली तर कोयीसकट सहज कापलं जावं. कोय टणक झाली असेल तर ते तोर जून झालं. त्याचा गर मिठात लवकर मऊ पडतो आणि कोयीभोवती मीठ पोचायला फार दिवस लागतात.

तोर झाडावरून काढलेलं हवं, वाऱ्याने पडलेलं नको. पडलेल्या तोराला बाहेरून डाग दिसत नसला तरी आत मार लागलेला असतो, आणि पंधरा दिवसांनी तेच तोर बरणीत तपकिरी, लिबलिबीत दिसू लागतं. डेठ मुळापासून उपटू नका, अर्धा सेंटीमीटर ठेवून कापा. उपटलं की तिथे भोक पडतं आणि सडण्याची सुरुवात तिथूनच होते. कापल्यावर चीक येतो, म्हणून तोरं डेठ खाली करून तासभर ठेवा, मग दोन-तीन पाण्यांनी धुवा. साल ओली राहता कामा नये. सुती कापडाने पुसून पंख्याखाली पसरून ठेवा.

मीठ कोणतं? पाकिटातलं बारीक मीठ चालेल का?

जाडं समुद्री मीठ घ्या. आगरवाडा, हडफडे, नेरूल इथल्या मिठागरांचं मीठ त्याच उन्हाळ्यात बाजारात येतं, त्यामुळे हंगामही जुळतो. मात्र अगदी ताजं काढलेलं मीठ ओलं असतं आणि त्याच्या ओलाव्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात, त्यांनी खाराला कडवट चव येते. शक्य असेल तर आदल्या वर्षीचं, पाणी निथळून गेलेलं मीठ वापरा. नाहीतर नवं मीठ दोन-तीन दिवस चाळणीत निथळत ठेवून मग कढईत कोरडं होईपर्यंत परता आणि गार करा.

कोरडं करण्याचं दुसरं कारण वजनाचं आहे. ओल्या मिठात पाणीही तोललं जातं, म्हणजे तुम्ही घातलेलं मीठ प्रत्यक्षात कमी भरतं. त्याच कारणाने वाटीने मोजू नका. जाड्या मिठाची वाटी आणि बारीक मिठाची वाटी वजनात सारखी नसते.

पाकिटातल्या बारीक मिठाने तोरं बिघडत नाहीत. पण ते मोकळं राहावं म्हणून त्यात जी पूड मिसळलेली असते ती पाण्यात विरघळत नाही. खार गढूळ दिसतो, आणि मग हा गढूळपणा मिठाचा की बिघाडाचा हे काचेतून ओळखता येत नाही. काचेची बरणी वापरण्याचा फायदाच गेला.

प्रमाण काय?

तोरांच्या वजनाच्या एक पंचमांश मीठ. दीड किलो तोरांना ३०० ग्रॅम. त्यासाठी ४ लिटरची, हात आत जाईल एवढ्या तोंडाची बरणी लागते. ३ लिटरच्या बरणीत तोरं मावतात, पण वर वजनाला जागा उरत नाही.

थर कसे रचायचे? दीड किलोचा पूर्ण हिशेब मिळेल का?

दीड किलो तोरांचे पाच थर करा, प्रत्येक थर साधारण ३०० ग्रॅमचा, म्हणजे सात-आठ तोरांचा. तळाला २० ग्रॅम मीठ पसरा. पहिल्या थरावर ३० ग्रॅम, दुसऱ्यावर ४०, तिसऱ्यावर ५०, चौथ्यावर ६० आणि सगळ्यात वर १०० ग्रॅम. बेरीज ३००.

सगळ्या थरांना सारखं मीठ घालणं ही सर्वात जास्त होणारी चूक. मीठ विरघळलं की खारट पाणी जड होऊन तळाशी जातं, आणि वरचा थर अळणी राहतो. हवा लागते तीही वरच्याच थराला. म्हणून खाली कमी आणि वर जास्त.

प्रत्येक थर रचताना डेठ वरच्या बाजूला ठेवा आणि दोन तोरांमधल्या खाचेत वरच्या थरातलं तोर बसवा. बरणी टेबलावर हलकेच ठोका म्हणजे मीठ फटींत उतरतं. पहिल्या दिवशी काचेतून हिरवा-पांढरा, हिरवा-पांढरा असा पट्टेरी देखावा दिसतो. तो दोन दिवसच टिकतो. मीठ ओलं होऊन पट्टे गेले की काम सुरू झालं असं समजा.

काचेच्या बरणीत वजन कसं ठेवायचं? दगड चालेल का?

वजनाशिवाय हे लोणचं होत नाही. तोराची साल मेणचट असते, ती आपणहून पाणी सोडायला वेळ लावते. शिवाय खार तोरापेक्षा जड, त्यामुळे पाणी सुटलं की तोरं वर तरंगतात आणि नेमकी हवेत उघडी पडतात.

सर्वात सोयीचं म्हणजे अन्नासाठीची जाड प्लास्टिकची पिशवी, एकात एक दोन घालून, त्यात मिठाचं पाणी भरून घट्ट गाठ मारायची. आत साधं पाणी भरू नका. पिशवी फुटली तर सगळा खार पातळ होईल. ५०० मिलिलिटर पाण्यात १२५ ग्रॅम मीठ विरघळवलं की या बरणीला पुरेल असं वजन होतं, आणि मऊ असल्यामुळे पिशवी बरणीच्या आकाराप्रमाणे पसरून काठापर्यंत दाबते.

दगड ठेवायचा तर गुळगुळीत, काळा, कठीण, उकळून घेतलेला. अंगणात हाताशी असतो तो जांभा दगड मात्र बरणीत घालू नका. त्यात लोह असतं. तोराचा आंबट खार ते ओढून घेतो आणि तोराच्या तुरट अंशाशी त्याचा संयोग झाला की खार काळपट निळा होतो. लोखंडी वजन किंवा गंजलेलं झाकण लागलं तरी हेच होतं. एखाद्या दगडाची शंका असेल तर त्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाका. फसफसला तर त्यात चुना आहे, तो खाराचा आंबटपणा मारेल.

तोरं चपटी होत नाहीत, सुरकुततात फक्त. चुकतंय काय?

चुकत नाही. ज्या चपट्या तोरांवरून चेपणी हे नाव पडलं, ती रुंद भांड्यात चार-पाच किलोच्या दगडाखाली होतात. एवढं वजन काचेच्या बरणीत घालणं धोक्याचं, तळ तडकतो. चपटीच हवी असतील तर आठ-दहा दिवस चिनी मातीच्या किंवा अन्नासाठीच्या प्लास्टिकच्या पसरट भांड्यात दाबून घ्या, मग सुटलेल्या खारासकट काचेत भरा. चवीत फरक थोडा, पोताचा जास्त. चपटं तोर अधिक चिवट लागतं.

खार किती दिवसांत वर यायला हवा? माझा अर्ध्यावरच थांबला आहे.

पहिल्या चोवीस तासांत तळाशी दोन बोटं पाणी दिसायला हवं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते अर्ध्याच्या वर असतं. पाण्याची रेघ ओळखायची एक खूण आहे: गोल बरणी पाण्याने भरली की भिंगासारखी वागते, म्हणून खारात बुडालेली तोरं फुगलेली, रुंद दिसतात आणि वरची आपल्या मापाची. जिथे तोरांचा आकार एकदम बदलतो तिथपर्यंत खार आला आहे.

पहिला आठवडा रोज बरणी तिरकी करून सावकाश फिरवा, म्हणजे तळाचा जड खार वरच्या तोरांना लागेल. चौथ्या दिवशीही वरचा थर उघडा असेल तर वाट पाहू नका. ५०० मिलिलिटर पाणी उकळा, त्यात १२५ ग्रॅम मीठ विरघळवा, पूर्ण गार करा आणि तोरं बुडतील एवढं ओता. या पाण्यात मीठ २० टक्के असतं आणि बरणीचाही शेवटचा खारटपणा साधारण तेवढाच व्हायचा असतो, म्हणून प्रमाण ढळत नाही. गरम पाणी ओतलं तर साधी काच तडकते, तोरही शिजतं.

पाणी लवकर सुटावं म्हणून तोराला काट्याने टोचू नका. पाणी सुटेल, पण तीच भोकं पुढे मऊ पडतात.

तळाशी पांढरा थर साचला आहे. हे काय?

तीन वेगळ्या गोष्टी तळाशी पांढऱ्या दिसतात.

पहिली म्हणजे न विरघळलेलं मीठ. बरणी तिरकी केली की खडे घरंगळतात, बाहेरून चमकतात. यात काळजीचं काहीच नाही. ३०० ग्रॅम मीठ विरघळायला ८०० मिलिलिटरहून जास्त पाणी लागतं आणि पहिल्या आठवड्यात तोरं एवढं पाणी सोडत नाहीत. जसजसं मीठ तोरांच्या आत शिरतं तसतसा हा थर कमी होतो. महिन्या-दीड महिन्यात तो संपायला हवा.

दुसरी म्हणजे मिठागरातला गाळ. हा राखाडी असतो, खड्यांच्याही खाली बसतो आणि हलवला की धुरासारखा उठून परत खाली जातो. तोही निरुपद्रवी, फक्त खाताना दाताखाली येऊ नये म्हणून खार ढवळू नये.

तिसरी म्हणजे पिठासारखी बारीक, पांढरी साय, तोरांच्या खांद्यांवरही बसलेली. हे आंबवणाऱ्या जिवाणूंचे मेलेले थर. मीठ थोडं कमी पडलं, तोरं किंचित आंबली, असा त्याचा अर्थ. खाराला स्वच्छ आंबट वास असेल आणि तोर दाबल्यावर कडक लागत असेल तर खायला हरकत नाही, पण ही बरणी आधी संपवा.

बुडबुडे येत आहेत. बिघडलं का?

पहिल्या आठवड्यात बारीक बुडबुडे येणारच. तोरांतली हवा बाहेर पडते आणि मीठ सगळीकडे सारखं होईपर्यंत वरच्या भागात थोडं आंबतंही. म्हणून पहिले पंधरा दिवस झाकण घट्ट लावू नका. सैल ठेवा, किंवा कापड बांधा. झाकण प्लास्टिकचं किंवा काचेचं असावं.

दोन आठवड्यांनंतरही बुडबुडे सतत येत असतील आणि वर फेस धरत असेल तर मीठ कमी आहे. या मापाच्या बरणीला ५० ग्रॅम मीठ वरून घाला आणि दोन दिवस रोज फिरवा. फेस थांबायला हवा.

वर पांढरी साय आली आहे. काढून खाता येईल का?

सायीकडे नीट बघा, आणि इथे काच उपयोगी पडते. डोळे खाराच्या पातळीला आणून बाजूने पाहा. साय सपाट, कोरडी, सुरकुतलेली, पापुद्र्यासारखी असेल तर ती मिठातही तग धरणाऱ्या यीस्टची. ती झाऱ्याने काढा, बरणीचा वरचा काठ आतून मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या कापडाने पुसा आणि वर दोन चमचे मीठ पसरा. ती तशीच सोडू नका. यीस्ट खारातलं आम्ल खाते, आंबटपणा उतरला की बुरशीला रान मोकळं मिळतं.

बाजूने पाहताना केस उभे दिसले, कापसासारखा पुंजका दिसला, किंवा हिरवा, काळा, गुलाबी रंग दिसला, तर पूर्ण बरणी टाका. वरचा थर टाकून खालचा ठेवू नये. बुरशीचे तंतू दिसतात त्याहून खोल गेलेले असतात.

पावसाळ्यात ही साय जास्त येते. हवेतला दमटपणा झाकणाखाली थेंब धरतो आणि ते थेंब खारावर पडून वरचा बोटभर थर अळणी होतो. जून ते सप्टेंबर आठवड्यातून एकदा झाकण उघडून आतून कोरडं पुसा. बरणीत ओला डाव किंवा हात घालायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

हिरवा रंग गेला, शेवाळी झाला. टिकवता येईल का?

नाही, आणि टिकवूही नये. कैरीच्या आम्लामुळे हरितद्रव्य बदलतं. आठ-दहा दिवसांत पोपटी रंग जाऊन शेवाळी येतो, पुढे तो पिवळट तपकिरीकडे झुकतो. सगळी बरणी एकसारखी बदलली तर सगळं ठीक. एखाद-दुसरंच तोर वेगळं, गडद, पाणी भरल्यासारखं दिसत असेल तर ते मार लागलेलं तोर. ते लगेच काढा.

काच असल्यामुळे उजेड मात्र सांभाळावा लागतो. तेलाच्या लोणच्याला ऊन दाखवतात म्हणून या बरणीलाही दाखवलं जातं, ते करू नका. उन्हात खार तापतो, तोरं मऊ पडतात आणि उन्हाची बाजू फिकट होते. बरणी बंद कपाटात ठेवा, नाहीतर जाड कापडाचा गलेफ घाला.

मुरली हे चाखल्याशिवाय कसं कळतं?

वजन काढा आणि पाहा. कोवळ्या, न मुरलेल्या तोराच्या आत साधं पाणी असतं, ते खारापेक्षा हलकं, म्हणून तोर तरंगतं. मीठ आत पोचलं की ते जड होतं आणि बुडतं. सगळी तोरं तळाशी बसली, तळाचे मिठाचे खडे संपले आणि खार स्वच्छ, फिकट पिवळा दिसतो, या तिन्ही खुणा जुळल्या की तोरं तयार. साधारण दीड महिना लागतो. मार्चअखेर घातलेली तोरं पावसाच्या तोंडावर खाण्याजोगी होतात आणि चवथीपर्यंत खरी रंगात येतात. एक-दोनच तोरं तरंगत राहिली तर ती चिरून बघा. बहुतेक वेळा आतली कोय जून असते.

मुरल्यावर हिरव्या मिरच्या चिरा देऊन आणि हिंगाचा खडा घालायचा असेल तर तेव्हा घाला. दीड किलोला दहा-बारा मिरच्या पुरतात, पण पूर्ण कोरड्या. आधी घातल्या तर त्या वर तरंगून सडतात.

थरांमध्ये बिंबलं, गाजर, ओली मिरी घालून रंगीत बरणी करता येईल का?

ओली मिरी चालते, घोस थोडे सुकवून घाला. बिंबलं नकोत. त्यांत पाणी फार, ती खार पातळ करतात आणि तोरं मुरायच्या आत स्वतः विरघळतात. गाजरात साखर असल्याने बरणी आंबू लागते. दोन्ही वेगळ्या, छोट्या बरण्यांत घाला आणि लवकर संपवा.

मीठ कमी घालून चालेल का? रक्तदाब आहे.

बाहेर ठेवायची असतील तर नाही. मीठ निम्मं केलं की तोरं आंबू लागतात आणि गोव्याच्या मे महिन्यातल्या उकाड्यात काही आठवड्यांत मऊ पडतात. ५ टक्के मिठात करता येतात, पण ती फ्रीजमध्ये ठेवून महिनाभरात संपवायची तोरं. चव वेगळी, ताज्या कैरीची.

मुरलेल्या तोरात सहाव्या हिश्शाच्या आसपास मीठच असतं. ३० ग्रॅमच्या एका तोरात सुमारे ५ ग्रॅम मीठ, आणि जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्या माणसाची दिवसभराची मर्यादाही ५ ग्रॅमच्या आतच आहे. म्हणून तोर अख्खं खायची वस्तू नाही. उभ्या पातळ फोडी करून तासभर साध्या पाण्यात ठेवा, पाणी एकदा बदला, आणि एका ताटाला दोन-तीन फोडी वाढा. ज्यांना डॉक्टरांनी मीठ तोडायला सांगितलं आहे त्यांनी भिजवूनही खाऊ नये, भिजवल्याने मीठ कमी होतं, संपत नाही.

तोरं संपली, खार उरला. टाकायचा?

गाळून बाटलीत भरा. आमटीत किंवा सोलकढीत मिठाऐवजी चमचाभर घालता येतो. पुढच्या वर्षीच्या तोरांवर मात्र ओतू नका. त्यातलं मीठ किती उरलं आहे हे नजरेला कळत नाही, आणि नव्या बरणीचा सगळा हिशेब मिठाच्या वजनावर उभा असतो.